सातव्या घरातला सूर

‘वरचं ऐकू नकोस, पोरी. वरचं सगळ्यांनाच ऐकू येतं. तू खालचं ऐक.’

...बोटांत जपमाळेच्या तिसऱ्या दशकाचा, म्हणजे तिसऱ्या दहा मण्यांतला, चौथा मणी होता. जपून जपून गुळगुळीत झालेला, एका अंगाला चिरलेला लाकडी मणी, आणि ती चीर नखाला लागली की ज्युलियाला दरवेळी कळायचं, आपण कुठे आहोत. पण आज मणी पुढे सरकेना. ओठ नमो मारिया म्हणत होते, म्हणजे म्हणत असावेत. बोटं मात्र दुसऱ्याच कशाशी तरी थांबली होती. बाहेर, मरोळच्या नाक्याकडून, कुणाच्या तरी लग्नाचा बँड येत होता.

आपल्याकडे या दिवसांत लग्नं नसतात. चाळीस दिवसांचा उपास चालू. वेदीवरची फुलं गेलेली, मूर्ती जांभळ्या कापडाखाली. पण शेजारच्या चाळीतली माणसं कोकणातली, त्यांचा फाल्गुनातला मुहूर्त होता. सुगंधाचा भाचा मधुकर नवरदेव. सुगंधा सकाळीच सांगून गेली होती, ‘ज्युलियाबाय, बाजा चेंबूरहून आणलाहा हां, सोळा माणसांचो. तुजा उपास आसा तर जेवू नको, पन बघूक तरी ये.’ ती हसली होती आणि म्हणाली होती, माळ झाली की येते. बँड ऐकून आता कुठे काही होत नव्हतं तिला. अकरा वर्षांत किती बँड गेले या रस्त्यावरून. मनाला एक सवय लागली होती, बँड आला की माळ हातात घ्यायची आणि आवाज मोठा करायचा.

आजही केला. पण बोटं थांबली.

वरती कॉर्नेट, ते छोटं पितळी वाद्य, नाचत होतं. लग्नात नाचतं तसंच, मुरक्या घेत, एका सुराचे तीन तीन तुकडे करत, आणि क्लॅरिनेट त्याच्या मागे किलबिलत. सिनेमातलं काहीतरी असेल, कुणालाही वाटावं. ‘वरच्याला कपडे घालतात,’ बापू म्हणायचे – बापू म्हणजे फिलिप मास्तर, तिचे वडील, गावाच्या बँडचे – ‘लग्नात जरीचे, मयताला काळे. माणूस ओळखायचा तर कपडे बघून नाही ओळखायचा. चाल बघायची. पाय कसा टाकतो.’

तिने पाय ऐकला.

सगळ्यात जाड पितळी आवाज, जो ढोलाच्या ठोक्याला चिकटून चालतो, तो दर घराच्या पहिल्या मात्रेवर एकेक पायरी उतरत होता. घर म्हणजे कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधली जागा. हा बापूंचाच शब्द, आणि सुरांची नावंही त्यांचीच, विलायती. पहिल्या घरात ला. दुसऱ्यात सोल. तिसऱ्यात फा. चौथ्यात मी. चार घरं, चार पायऱ्या खाली. मध्ये भरपूर बुमचिक-बुमचिक होतं, पण ते काढून टाकलं की उरत होत्या त्या चारच पायऱ्या, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारख्या. एवढ्याने काही सिद्ध होत नाही; असं उतरणं शंभर चालींत असतं. मग बॅरिटोन, त्याहून जरा उंच सुराचं पितळी वाद्य, आला. आणि तो मात्रेवर आला नाही, अर्धी मात्रा मागून आला. प्रत्येक घरात अर्धी मात्रा मागून... जसे शवपेटी खांद्यावर असलेल्या माणसांतले मागचे दोघे पुढच्यांच्या पावलात पाऊल टाकू बघतात आणि थोडे उशिराच टाकतात.

तिने माळ मांडीवर ठेवली.

लग्नाच्या बँडने मात्रा पळवली होती, प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करून तिला झुलवली होती. म्हणून तिने उलट केलं. डोळे मिटले आणि त्यांच्या धावत्या ठोक्यांतला दर चौथा ठोकाच तेवढा धरला, बाकीचे सोडले, आणि त्यावर उजवी टाच सावकाश जमिनीला टेकवत गेली. एक. ...दोन. ...तीन. चाल आपोआप जड झाली. मुरक्या गळून पडल्या. बाहेर वऱ्हाडी ओरडत होते आणि हिच्या पायाखाली, थंड शहाबादीवर, एक अंत्ययात्रा चालायला लागली होती.

प्लेगच्या क्रुसाची चाल.

नाव मनात उमटलं आणि तिने ते लगेच झाकलं, उघडं पडलेलं काही झाकावं तसं. असं कसं होईल. ही चाल आजोबांनी बांधलेली, प्लेगच्या साली, गावाच्या वेशीवर क्रूस उभारला तेव्हा, रोज तीन-तीन पेट्या उचलल्या जात होत्या तेव्हा. ती गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत वाजायची आणि बँडमधल्या माणसाच्या घरचं कुणी गेलं तर. दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. कागद फक्त या घरात, पलंगाखालच्या ट्रंकेत.

तरी एक खूण उरली होती. आठ घरांची चाल. बोट आपोआप मण्यांवर गेलं, प्रार्थनेसाठी नव्हे... हे देवाला दिसत होतं, आणि तिलाही. एका घराला एक मणी. पाचवा. सहावा. सातव्यात तिसऱ्या मात्रेला...

तेवढ्यात लवंगी फटाक्यांची माळ लागली.

माळ बरीच लांब असावी. धूर खिडकीतून आत आला आणि तिच्या आत एकदम काहीतरी सुटलं – सुटका म्हणायची का? तिला स्वतःलाच त्या सुटकेची शरम वाटली. ऐकू आलं नाही, तर आलं नाही. मी काय करू. आपण बसून माळ पुरी करू. तिसरं दशक, चौथा मणी...

‘त्याला तू सांग, ज्युलिया. दुसऱ्या कुणाकडून नको. तू.’

हे बापूंचं शेवटचं सांगणं. सहासष्ट सालचं.

ती उठली आणि बाहेर पडली.

सातव्या घराचं काय झालं होतं ते आता एकट्या तिला ठाऊक होतं. दहा वर्षांची होती ती. गुड फ्रायडेची मिरवणूक, संध्याकाळ उतरलेली, आणि हेन्री काकांच्या बॅरिटोनला लावलेल्या वहीवर उजेड पडावा म्हणून मेणबत्ती धरायचं काम तिच्याकडे. हेन्री काका काही वहीत बघत नसत, त्यांना पाठ होतं सगळं. ते डोळे मिटून वाजवायचे, आणि त्यांच्या कमरेला बिलगून चालायचा सात वर्षांचा विन्सेंट, तिचा भाऊ, पितळेला कान लावून. तिचा हात दुखला. मेणबत्ती कलली. थेंब वहीवर पडला, गोल, पांढरा, आणि थिजला. कुणी पाहिलं नाही. तिने नखाने काढून बघितलं तर कागद फाटेल असं वाटलं. बापू मास्तर झाल्यापासून वहीला हात लावू देत नसत कुणाला. आजोबांचं अक्षर होतं ते. तिने वही मिटली. बस, एवढंच. कुठलं मोठं पाप नव्हतं.

हेन्री काका त्याच पावसाळ्यात गेले. पुढे ज्याने ज्याने बॅरिटोन धरला त्याने वहीत बघून वाजवला, आणि सातव्या घरातल्या तिसऱ्या मात्रेला मेणाची जागा कोरी होती. बाकी साऱ्या वाद्यांना तिथे आजोबांनीच विसावा लिहिलेला. म्हणजे सबंध बँड एक मात्रा गप्प. बापू म्हणायचे, हीच तर खुबी. माझ्या बापाने मेलेल्यांसाठी एक मात्रा ठेवलीय. पेटी उचलणारे त्या मात्रेला पाऊल टाकत नाहीत, उचललेलं तसंच धरतात. गावात तशी रीतच पडली. पंचवीसेक वर्षांत लहान मुलांनाही माहीत झालं, कुठे थांबायचं.

विन्सेंटला ते पटायचं नाही. पुढे बॅरिटोन त्याच्याकडे आला तेव्हापासून तो म्हणायचा, बापू, तिथं सूर होता. हेन्री काका वाजवायचे. सोल, पण अर्धी पायरी चढवलेला. तो वाजला की कान लगेच ला मागतो. त्याच्याशिवाय चाल घरी परत येत नाही, बाहेरच उभी राहते.

‘तो म्हाताऱ्याचा लाड होता,’ बापू म्हणायचे. ‘कागदात आहे का?’

‘कानात आहे.’

‘कागदात आहे का ते सांग.’

आणि ताटं वाढत असलेली ती, दोघांच्या मध्ये उभी, हातात कढीचं भांडं. तिला बोलता आलं असतं. किती वेळा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता एवढी वर्षं झाली, आता सांगितलं तर विचारतील, इतके दिवस का नाही सांगितलंस. आणि या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

मग बासष्ट सालात आई गेली. आईच्या पेटीमागे बँड चालला, छोट्या ड्रमच्या तारा सैल केलेल्या, मोठ्या ढोलावर काळं कापड. सातव्या घरात सगळे थांबले. पाय उचललेले. आणि त्या शांततेत एकटा बॅरिटोन वाजला. एकच सूर... चढवलेला सोल. पेटी उचलणाऱ्यांचे पाय गडबडले, पेटी कलली, बायका ओरडल्या. बापू वळले आणि त्यांनी हातातली मास्तराची काठी विन्सेंटच्या तोंडावर मारली. वाद्य त्याच्या ओठालाच होतं. दाताचा आवाज तिने ऐकला.

विन्सेंटने बॅरिटोन आईच्या पेटीशेजारी रस्त्यावर ठेवला, हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तसा, आणि चालू लागला. तेव्हापासून तो या घरात आला नाही. पस्तीस वर्षांचा होता.

आठ दिवसांनी तिने ट्रंक उघडली. मेण कोमट सुरीने खरवडलं. खाली काळा ठिपका, त्याला दांडी, अलीकडे चढवलेल्या सुराची जाळीदार खूण. शाई जरा पसरलेली, पण होता. होताच. तिने वही बंद केली आणि त्या दिवसापासून विन्सेंटसाठी रोजची माळ धरली, बुधवार-शुक्रवार मासळी सोडली. बापूंना सांगायला तिला आणखी चार वर्षं लागली, तेही ते उठू शकत नव्हते तेव्हा. त्यांनी वही मागितली. डोळ्यांना दिसत नव्हतं, अंगठ्यानेच मेणाचा डाग चाचपत राहिले कितीतरी वेळ. मग सातवं घर गुणगुणले, सुरासकट. एकदाच. रागावले नाहीत. रागावले असते तर...

रस्त्यावरची खडी पायाला लागली तेव्हा तिला कळलं, चपला घातल्याच नाहीत.

‘काय गो ज्युलियाबाय, अनवानी?’ सुगंधा घामाने थबथबलेली, केसांतला गजरा मानेवर आलेला. ‘उपासात चपला पन सोडल्यास?’

‘राहिल्या घरी.’

‘मगे नाच तरी. आज देव बघनार नाय तुज्याकडे, मधूच्या लग्नाक आलोहा तो.’ आणि तिने ज्युलियाचा हात धरून ओढला. आसपासच्या बायका हसल्या.

बँड औद्योगिक वसाहतीच्या भिंतीपाशी थांबला होता, दमून. लाल कोट, काखेत फाटलेले. मग छोट्या ड्रमचा कडकडाट सुरू झाला आणि पुन्हा तीच चाल. आता मध्ये खिडकी नव्हती, धूर नव्हता, चार हातांवर पितळ. तिने फक्त बॅरिटोनवाल्याकडे बघितलं. तो पंचविशीतला, काळा, मिशीवाला, विन्सेंट नव्हता. असणारही नव्हता. पण चाल कुणीतरी दिलेली होती. सूर वाजला, तर ती विन्सेंटने दिलेली, दुसरा कोण तो सूर जाणतो? नाही वाजला, तर बापूंच्या हाताखालच्या कुठल्यातरी जुन्या माणसाने; असे दहा-बारा होते, कुणी बोरिवलीला, कुणी मुलुंडला, काही मेले. सूर वाजू दे... आणि त्याच श्वासात खोलवर कुणीतरी म्हणत होतं, नको वाजू दे. ला. सोल. फा. मी. पाचवं घर मीवर थांबलेलं. सहावं. सातवं, एक, दोन...

गप्प.

बॅरिटोनवाल्याने ओठ वाद्यापासून चक्क दूर केले. सोळाच्या सोळा माणसांचे पाय रस्त्यावरून उचललेले, तसेच. नाचणारी पोरं अधांतरी अडखळली, एकमेकांवर आदळली, खिदळली. ‘झकास रे! परत घे, परत घे ते!’ नवरदेवाच्या मित्रांना तो बँडचा डाव वाटला. मधुकर घोड्यावरून हसत होता. त्याच्या कपाळावरची मुंडावळी त्या मात्रेला एकटी हलत होती.

म्हणजे विन्सेंट नाही. तिला हलकं वाटलं. खरंच, अंगावरून ओझं उतरावं तसं. आणि या हलकेपणाने ती इतकी घाबरली, की बँड पाणी प्यायला थांबल्यावर ती थेट कॉर्नेटवाल्यापुढे जाऊन उभी राहिली. जाड, बुटका, छातीवर पत्र्याचा बिल्ला. बाकीचे त्याला भीमराज म्हणत होते.

‘ही चाल तुम्हाला कुणी दिली?’

‘का मावशी? आवडली?’

‘माझ्या वडिलांकडे असे एक होते वाजवणारे. म्हणून विचारते.’

‘आमच्या मास्तरची आहे ना ती. कागद-बिगद काय नाय. तोंडानं गाऊन शिकवली एकेकाला, घर घर करून. लग्नात आम्ही घातली. त्याला ठाऊक नाय, सांगू नका हां.’ तो हसला. ‘पब्लिकला ती थांबायची जागा लय आवडते.’

‘मास्तर कोण?’

‘विन्सेंट मास्तर. चेंबूरला, नाल्याकडच्या चाळीत.’

सुगंधा मागून हाका मारत होती. घोडा फुरफुरत होता. ज्युलियाने माळ मुठीत घट्ट धरली, चीर तळव्यात रुतली.

‘तिथं... थांबता त्या जागी... त्यांनी काही वाजवायला नाही सांगितलं?’

भीमराजने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. ‘मावशी, तुम्ही बँडवाल्याच्या घरच्या दिसता. ए दादू, इकडं ये. हात दाखव मावशीला.’ बॅरिटोनवाला दादू लाजत पुढे आला. उजव्या हाताची मधली दोन बोटं पेरापाशी वाकडी बसली होती. ‘हा नवीन होता तेव्हा तिथं एक सूर लावायचा. आपोआप लागायचा म्हणे.’

‘लागतोच तो,’ दादू म्हणाला. ‘तोंडात येतोच. चाल मागते.’

‘तर मास्तरनं काठीनं बोटं फोडली. म्हणाला, कागदात नाय. मी म्हटलं, मास्तर, कागद हाय कुठं? तर मला पण दोन दिल्या.’ भीमराजने तोंडावरून हात फिरवला. ‘तसा मानूस वाईट नाय. समोरचे दात नाय त्याला, स्वतः फुंकलेलं आम्ही कधी बघितलं नाय. आता तर दोन महिने पडून आहे, खोकल्यातून रक्त. काठी तेवढी उशाशी.’

ती दादूची वाकडी बोटं बघत राहिली. तिला वाटलं होतं... काय वाटलं होतं इतकी वर्षं? की विन्सेंट जिथे असेल तिथे तो सूर वाजवत असेल, खरा सूर, आणि एक दिवस आपण जाऊन म्हणू, तुझंच बरोबर होतं; आणि तो म्हणेल, मला माहीत होतं. म्हणजे सांगायची घाई नव्हती. त्याच्याकडे होताच ना सूर. तिने बोरिवलीला विचारलं होतं, मुलुंडच्या बँडवाल्यांना विचारलं होतं, पण दरवाजातून. नाही म्हणाले की आभार मानून परत, आणि रस्त्यात अंग हलकं. आत्तासारखंच. अकरा वर्षं रोज पाच दशकं. कुणी मोजत असेल वर, तर त्याने हेही मोजलं असेल, की एक वाक्य बोलायचं टाळायला या बाईने किती मणी ओढले.

त्याने सूर टाकून दिला होता. बापूंची काठी तेवढी ठेवली होती.

‘नाव काय हो या चालीचं?’ भीमराज विचारत होता. ‘मास्तर नाव सांगत नाय. गिऱ्हाईक विचारतं, आम्ही काहीतरी ठोकतो.’

नाव जिभेवर होतं. पलीकडे सुगंधा नवरीच्या आईला ओवाळणीचं ताट देत होती, तिचा गजरा आता खांद्यावर लोंबत होता. प्लेग हा शब्द त्या रस्त्यावर, त्या घोड्यापुढे, त्या ताटापुढे... नाही उच्चारायचा. आणि गप्प राहायचं? हेही तेच. पुन्हा तेच. ती एक पाऊल पुढे सरकली आणि तो झुकला तेव्हा त्याच्या कानापाशी, चर्चमध्ये पापकबुलीच्या जाळीशी बोलतात तितक्या हळू, तिने नाव सांगितलं. कशासाठी बांधली तेही.

भीमराजने कॉर्नेट खाली केलं. ‘आईशप्पथ,’ तो पुटपुटला. मग वळून म्हणाला, ‘दुसरं धरा रे.’ आणि बँडने सिनेमातलं काहीतरी धरलं, आणि लोक आधीसारखेच नाचू लागले. कुणाला फरक कळला नाही.

घरात माळ टेबलावर ठेवताना तिने बघितलं, तिसरं दशक अर्धंच राहिलं होतं. आज प्रथमच. तिने ते पुरं केलं नाही. ट्रंक ओढली, बॅरिटोनची वही काढली, ते पान उघडलं. मेणाचा तेलकट वर्तुळाकार डाग अजून होता आणि मध्ये तो ठिपका. तिने सातवं घर मनात म्हणून पाहिलं. सूर लावायचा म्हटला तर लागेना. लागला आणि त्याच क्षणी दाताचा तो आवाजही आला, दोन्ही एकत्र, आणि आता ते वेगळे होणार नाहीत हे तिला दिसलं. तो म्हणेल काय? वही फेकेल. काठी उचलेल, उचलता आली तर. किंवा नुसता विचारेल, इतके दिवस का नाही सांगितलंस. अजूनही उत्तर नव्हतं. नव्हतंच ते कधी, आणि उत्तर सापडेपर्यंत थांबायचं असं ठरवणारी तीच होती.

पायाचे तळवे धुतले, एका ठिकाणी खडीने कापलं होतं. फडक्याची पट्टी बांधली, चपला घातल्या. वही कापडी पिशवीत, वर पदराची घडी. साकीनाक्याहून कुर्ल्याची बस, तिथून चेंबूर. उजेड असताना पोचता येईल.

गल्लीच्या टोकाला सुगंधाची सून भेटली. ‘कुठे गं काकी, मांडवात ना?’

‘विन्सेंटकडे,’ ज्युलिया म्हणाली. इतकं साधं, की तिचं तिलाच ते ऐकू आल्यासारखं वाटलं, मागून, अर्धी मात्रा उशिरा.

मांडवातला बँड मागे पडत गेला. पाऊल उचललेलं धरून ठेवावंसं वाटत होतं. तिने ते टाकलं. मग पुढचं.